पाणी कमी आणि तेही खारट

धडगाव म्हणजे नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्राणी तालुक्याचे मुख्य गाव. सातपुड्याच्या ऐन डोंगरात वसलेले. खालून, शहादा किंवा तळोद्याच्या बाजूने यायचे तर घाट चढून यावे लागते. म्हणून इथे एखादे यंत्र बिघडले की दुरुस्तीवाला लगेच येत नाही. आणि आला की पुन्हा खेप नको म्हणून बहुतेक वेळा सगळ्यात महाग भाग बदलून मोकळा होतो.

या भागातल्या एका वसतिशाळेत मार्च महिन्यात जाणे झाले. तिथे स्वयंपाकघराबाहेर पाणी शुद्ध करणारे एक आरओ यंत्र भिंतीवर बसवलेले आहे. उन्हाळा जवळ आला की विहिरीचे पाणी खाली जाते आणि शाळेला खोल बोअरवर अवलंबून राहावे लागते. डोंगरातल्या झऱ्यांचे पाणी गोड असते, पण खडकात दीर्घकाळ साठून राहिलेल्या पाण्यात क्षार जास्त विरघळतात. या बोअरच्या पाण्यात लिटरमागे 1500 मिलिग्रॅम क्षार होते. पिण्याच्या पाण्यासाठीच्या भारतीय मानकानुसार (आयएस 10500, 2012) हे प्रमाण 500 पर्यंत असावे, आणि दुसरा स्रोत नसेल तर 2000 पर्यंत चालवून घ्यावे असे आहे. थोडक्यात, या पाण्याला आरओची गरज होती.

तक्रार दुहेरी होती. "पूर्वी तासाभरात हंडा भरायचा, आता सकाळपासून दुपारपर्यंत भरत नाही," असे स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या. मुली म्हणाल्या, "सर, पाणी खारं लागतं." मुली पाणी पिण्याचे टाळू लागल्या होत्या. दुरुस्तीवाल्याने फोनवरच निदान केले होते, 'मेम्ब्रेन गेले, नवे घाला.' शाळेच्या विज्ञानाच्या सरांना मात्र एक शंका होती. चाळण बुजली तर पाणी कमी येईल हे समजते. चाळण फाटली तर पाणी खारट येईल हेही समजते. पण बुजणे आणि फाटणे एकाच वेळी कसे होईल?

शंका अगदी योग्य होती. तिचे उत्तर शोधता शोधता आम्ही बिघाडापर्यंत पोचलो.

यंत्राच्या आत काय असते?

बेदाणा पाण्यात टाकला की फुगतो, हा प्रयोग आपण वर्गात करतोच. बेदाण्याच्या सालीतून पाणी आत जाते, पण आतली साखर सहजी बाहेर येत नाही. पातळ द्रावणाकडून घट्ट द्रावणाकडे पाणी आपोआप जाते, याला आपण परासरण म्हणतो. खारे पाणी आणि गोडे पाणी यांच्यामध्ये असेच पटल ठेवले तर गोडे पाणी खाऱ्या पाण्यात जाऊ लागेल. आपल्याला हवे ते याच्या नेमके उलट. त्यासाठी खाऱ्या बाजूला दाब द्यावा लागतो. दाब पुरेसा झाला की पाण्याचा प्रवाह थांबतो, त्याहून जास्त झाला की उलट फिरतो. हेच व्यस्त परासरण.

प्रवाह जिथे थांबतो, त्या दाबाला परासरणी दाब म्हणतात. तो क्षारांच्या प्रमाणावर अवलंबून असतो. ढोबळ हिशेब असा की लिटरमध्ये एक ग्रॅम क्षार असतील तर परासरणी दाब सुमारे 0.7 बार असतो. (एक बार म्हणजे साधारण आपल्या वातावरणाइतका दाब.) समुद्राच्या पाण्यात लिटरमागे 35 ग्रॅम क्षार असतात, म्हणून तिथे हा दाब 25 बारच्याही पुढे जातो.

ही कल्पना जुनीच, पण उपयोगी पटल मात्र 1960च्या सुमारास तयार झाले. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोएब आणि श्रीनिवास सौरिराजन या दोघांनी सेल्युलोज अॅसिटेटचे असे पटल बनवले, की त्याची क्षार अडवणारी कातडी अत्यंत पातळ आणि बाकीचा भाग सच्छिद्र होता. कातडी पातळ, म्हणून पाणी भराभर जाऊ लागले. आजच्या घरगुती यंत्रातले पटल पॉलिअमाइडचे असते. दुकानदार त्याला मेम्ब्रेन म्हणतात. ते सतरंजीसारखे गुंडाळून एका नळीत बसवलेले असते.

पाण्याचा मार्ग सरळ आहे. टाकीतले पाणी आधी गाळ अडवणाऱ्या आणि नंतर कोळशाच्या गाळणीतून जाते. मग एक छोटा पंप त्याला पटलाच्या नळीत ढकलतो. नळीला बाहेर पडायला दोन वाटा असतात. पटलातून पलीकडे गेलेले पाणी पिण्याच्या टाकीत जाते. उरलेले, क्षार घेऊन घट्ट झालेले पाणी दुसऱ्या वाटेने सांडपाण्यात जाते. या दुसऱ्या वाटेवर एक बारीक भोकाचा तुकडा बसवलेला असतो, ज्याला दुकानात 'एफआर' म्हणतात. दिसायला अगदी क्षुल्लक. पण पंप पाणी ढकलतो आणि हा तुकडा त्याला सहजी बाहेर जाऊ देत नाही, म्हणूनच नळीत दाब तयार होतो. बागेतल्या नळीच्या तोंडावर अंगठा ठेवावा तसा. अंगठा काढला की दाब गेला.

आमच्या यंत्रात या तुकड्याला समांतर एक झडपही होती. यंत्र सुरू होताना ती काही सेकंद उघडते, पाणी जोरात वाहते, पटल धुतले जाते, आणि मग झडप बंद होते.

पाणी ढकलावे लागते, मीठ आपले आपण जाते

आता सरांच्या शंकेकडे वळू. पटल म्हणजे भोके असलेली चाळण, असे चित्र आपल्या डोळ्यांसमोर असते. इथेच चूक होते. पटल पूर्णपणे क्षार अडवत नाही. थोडे क्षार त्यातून पलीकडे जातातच. पण पाणी आणि क्षार हे दोघे वेगवेगळ्या कारणांनी जातात.

पाणी जाते दाबामुळे. नेमके सांगायचे तर दिलेल्या दाबातून परासरणी दाब वजा केल्यावर जो उरतो, त्याच्या प्रमाणात पाणी जाते. क्षार मात्र दाबाने ढकलले जात नाहीत. एका बाजूला ते जास्त, दुसऱ्या बाजूला कमी, म्हणून ते पसरत पसरत जातात. खोलीच्या कोपऱ्यात उदबत्ती लावली की वास सगळीकडे जातो, तसे. दाब वाढवा की कमी करा, दर मिनिटाला पलीकडे जाणारे क्षार जवळपास तेवढेच राहतात.

असे समजा की एका बादलीत दर मिनिटाला एक चिमूट मीठ पडते आहे. त्याच मिनिटात बादलीत भरपूर पाणी आले तर ते अळणी लागेल. पाणी थोडेच आले, तर चिमूट तेवढीच असूनही ते खारट लागेल. म्हणजे पाणी कमी येणे आणि खारट लागणे हे दोन बिघाड नाहीत. दाब कमी झाला या एकाच बिघाडाची ती दोन लक्षणे असू शकतात. पटल न बुजता आणि न फाटताही.

याचा आणखी एक पुरावा रोज मिळतो. वीज गेली की पंप थांबतो, पाणी ढकलले जात नाही. पण क्षारांचे पसरणे थांबत नाही. नळीतले पटलापलीकडचे थोडे पाणी हळूहळू खारट होत राहते. म्हणून वीज आल्यावर येणारा पहिला पेलाभर मचूळ लागतो. मोजमाप करायचे तर यंत्र दहा मिनिटे चालवून मगच करावे.

मोजणी

आम्ही चार गोष्टी जमवल्या. प्रयोगशाळेतले मोजपात्र, सेकंदकाट्याचे घड्याळ, क्षार मोजणारा टीडीएस मीटर, आणि शहाद्याहून मागवलेला दाबमापक, 0 ते 150 पौंडांचा. दाबमापक पंप आणि पटल यांच्यामधल्या नळीत तीन तोंडांचा जोड घालून बसवायचा असतो. तो जोडताना यंत्राची वीज काढून ठेवली.

काही यंत्रांत कच्चे पाणी शुद्ध पाण्यात मिसळणारा एक छोटा स्क्रू असतो. तो उघडा असेल तर मोजणी फसते. आमच्या यंत्रातला तो आधी पूर्ण बंद केला. नशिबाने, यंत्र बसवले तेव्हाचे आकडे सरांनी दारामागे पेन्सिलीने लिहून ठेवले होते. त्यामुळे तुलना करता आली.

यंत्र बसवले तेव्हा दाब 80 पौंड, म्हणजे सुमारे 5.5 बार होता. शुद्ध पाणी मिनिटाला 200 मिलिलिटर, त्यातले क्षार लिटरमागे 100 मिलिग्रॅम, आणि वाया जाणारे पाणी मिनिटाला 400 मिलिलिटर होते.

आता दाब 29 पौंड, म्हणजे 2 बार. शुद्ध पाणी मिनिटाला 40 मिलिलिटर, क्षार 480 मिलिग्रॅम. वाया जाणारे पाणी मात्र मिनिटाला 1100 मिलिलिटर.

फळ्यावर मुलींनी एक गुणाकार केला. मिनिटाला पटलातून किती क्षार गेले? पूर्वी 0.2 लिटर गुणिले 100, म्हणजे 20 मिलिग्रॅम. आता 0.04 लिटर गुणिले 480, म्हणजे सुमारे 19 मिलिग्रॅम. चिमूट तेवढीच! पटल फाटले असते किंवा त्याची रबरी कडी निसटली असती, तर हा आकडा कितीतरी वाढला असता. पटल निर्दोष आहे हे या एका गुणाकाराने जवळपास सिद्ध केले.

पुढचा प्रश्न एका मुलीने विचारला. दाब 5.5 वरून 2 झाला, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून थोडा जास्तच उरला. मग पाणी पाचव्या हिश्शावर कसे आले? याचे कारण परासरणी दाब. पटलाजवळ पाणी घट्ट होत जाते, त्यामुळे तिथे तो सुमारे 1.2 बार धरता येईल. पूर्वी 5.5 मधून 1.2 गेले, उरले 4.3. आता 2 मधून 1.2 गेले, उरले 0.8. म्हणजे पाणी ढकलणारा खरा दाब पाचव्या हिश्शाच्याही किंचित खाली आला. परासरणी दाब आपला वाटा आधी काढून घेतो, उरलेल्यात पाणी. म्हणूनच क्षार जास्त असलेल्या पाण्याच्या बाबतीत दाबातली थोडी घटही फार महागात पडते.

दाब गेला कुठे?

दाब कमी असण्याची दोन घराणी आहेत. एक तर पंप पुरेसे ढकलत नाही, किंवा तोंडावरचा अंगठा सुटला आहे. दोन्ही ओळखण्याची खूण वाया जाणाऱ्या पाण्यात आहे.

पंप कमजोर असेल, त्याला मिळणारी 24 व्होल्टची वीज कमी पडत असेल, किंवा आधीच्या गाळण्या गाळाने भरल्यामुळे पंपाला पाणीच पुरत नसेल, तर दाबही कमी आणि वाया जाणारे पाणीही कमी. आमच्याकडे उलटे होते. वाया जाणारे पाणी 400 वरून 1100 झाले होते. म्हणजे पंप तर जोरात चालला होता, पाणी मात्र मोकळ्या वाटेने पळत होते.

खात्री करायला एक सोपी चाचणी केली. सांडपाण्याची नळी दोन बोटांनी हळूहळू दाबली. दाबमापकाचा काटा 29 वरून चढत 75 च्या पुढे गेला, आणि शुद्ध पाण्याची धार मुलींच्या डोळ्यांदेखत जाड झाली. बोटे सोडली की काटा परत खाली. पंप ठणठणीत आहे हे त्यातून कळले. (नळी पूर्ण बंद करू नये आणि काही सेकंदांहून जास्त वेळ दाबून ठेवू नये. दाब फार वाढून जोड निसटू शकतो.) पंप खराब असता तर बोटांनी दाबूनही काटा हलला नसता.

मग उरल्या दोनच जागा. एफआर तुकडा आणि त्याच्या शेजारची धुण्याची झडप. वीज काढून झडप उघडली. तिच्या बैठकीवर पांढऱ्या खपलीचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा अडकला होता. त्यामुळे झडप कधी पूर्ण मिटतच नव्हती. अंगठा कायमचा सुटलेला. खपली काढली, झडप धुतली, बसवली. दहा मिनिटांनी दाब 80 पौंड, शुद्ध पाणी 190 मिलिलिटर, क्षार 105. नवे मेम्ब्रेन घालूनही हा बिघाड गेला नसता. नव्या पटलालाही 2 बारच मिळाले असते.

पण खपली आली कुठून?

हा प्रश्न सोडून देता येत नाही. खपली ही कॅल्शियम कार्बोनेटची, पाणी तापवायच्या भांड्याला आतून बसते तीच. लिंबाचे दोन थेंब टाकल्यावर ती फसफसली. झडप पटलाच्या पुढे असते, म्हणजे खपली पटलाकडूनच आली. पटलाजवळ पाणी घट्ट होते तेव्हा जडपणाचे क्षार तिथे बसू लागतात. आज पटल चांगले आहे, पण त्याची पुढची व्यथा काय असणार याची ही सूचना आहे.

खपलीने खरोखर पटल बुजले, तर लक्षणे वरवर अशीच दिसतात. पाणी कमी आणि खारट. म्हणून दाबमापक पाहिल्याशिवाय निदान करू नये. पटल बुजले असेल तर दाब चांगला, कदाचित नेहमीहून जास्तच असतो, तरी पाणी येत नाही. एफआर तुकडाच खपलीने बुजला तर वाया जाणारे पाणी कमी होते, दाब चढतो, आणि सुरुवातीला शुद्ध पाणी जास्तही येते. लोक खूश होतात, 'पाणी वाया जाणे कमी झाले' म्हणतात. पण क्षार बाहेर जायची वाट बंद झाल्याने पटलाजवळ ते साठत जातात, चिमूट मोठी होते, आणि काही आठवड्यांत पटल खपलीने भरते. पाणी वाचवण्यासाठी हा तुकडा मुद्दाम बारीक भोकाचा लावणे, हे जड पाण्याच्या गावात पटलाच्या जिवावर उठते.

पटल फाटल्याची किंवा गळाल्याची लक्षणे वेगळी. पाणी खारट, पण कमी नाही. नेहमीइतके किंवा जास्त. टाकीत टाकलेली टीसीएल पावडर हे त्याचे एक नेहमीचे कारण. कोळशाची गाळणी जुनी झाली की क्लोरीन अडत नाही, पटलापर्यंत पोचतो, आणि पॉलिअमाइडची कातडी हळूहळू कुरतडतो. टीसीएल बंद करू नये, ती जंतूंसाठी लागते. कोळशाची गाळणी वेळेवर बदलावी.

आणि हिवाळ्यात सातपुड्यात पहाटे यंत्र मंद चालते, तो बिघाडच नव्हे. पाणी थंड झाले की घट्टसर होते. दर अंशाला सुमारे तीन टक्के पाणी कमी येते. 25 अंशांना 200 मिलिलिटर देणारे पटल 15 अंशांना 140 च्या आसपास देते. पण थंडीत क्षारांचे पसरणेही मंदावते, त्यामुळे ते पाणी खारट लागत नाही. पाणी कमी पण चव तीच, तर आधी तापमापक बुडवून पाहा.

दारामागचा कागद

सरांनी दारामागच्या पेन्सिलीच्या आकड्यांच्या जागी आता एक कागद लावला आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सातवीच्या मुली पाच गोष्टी लिहितात. दाब, शुद्ध पाणी, वाया जाणारे पाणी, शुद्ध पाण्यातले क्षार, आणि पाण्याचे तापमान. सहाव्या रकान्यात गुणाकार. शुद्ध पाण्याचे मिनिटाचे लिटर गुणिले क्षार.

कागद वाचायची पद्धत त्यांनी वहीत लिहून घेतली आहे. गुणाकार तोच आणि दाब कमी, तर पंप, गाळण्या आणि झडप पाहायची. दाब चांगला आणि पाणी कमी, तर पटल बुजते आहे. पाणी नेहमीइतके आणि गुणाकार वाढत चालला, तर पटल किंवा त्याची कडी गळते आहे. टीडीएस मीटरला जंतू दिसत नाहीत, तो फक्त विरघळलेले क्षार सांगतो, हेही त्यात खाली आहे. पोट बिघडल्याच्या तक्रारी आल्या तर पाणी जंतूंसाठी तपासायला पाठवायचे, मीटरचा आकडा कितीही चांगला असो.

या कागदावर गुणाकार 20 वरून 30 झालेला दिसला की सर नवे मेम्ब्रेन मागवणार आहेत. तोवर घाट चढवून कुणाला बोलावण्याचे कारण नाही.